लॉस चढतोय, ॲक्युरसी हलत नाही: द्राक्षपानांच्या मॉडेलचा एक वक्र वाचताना

प्रश्न: सर, तासगाव आणि पलूस भागातल्या ९ द्राक्षबागांतून मोबाइलवर काढलेले पानांचे २,१६० फोटो आहेत. वर्ग चार: डाऊनी, भुरी, करपा आणि निरोगी. इमेजनेटवर आधी शिकलेलं रेसनेट-५० घेऊन सगळे थर मोकळे ठेवून शिकवलं. ॲडम, लर्निंग रेट ०.००१, ४० एपॉक, फोटोंची ८०-२० रँडम विभागणी. स्क्रीनशॉट जोडलाय. ट्रेनिंग लॉस ०.०२ पर्यंत उतरलाय. व्हॅलिडेशन लॉस नवव्या एपॉकच्या आसपास सर्वांत कमी आहे, मग चढत चढत शेवटी १.०५ होतो. पण ॲक्युरसी ८८ टक्क्यांवरच आहे. शेवटच्या थराआधी ०.५ ड्रॉपआउट घातला, काही फरक नाही. हे ओव्हरफिटिंगच ना? काय बदलू?

उत्तर:

हो, ओव्हरफिटिंगच आहे. पण माझा अंदाज असा की प्रत्यक्षात बिघाड या चित्रात दिसतो त्यापेक्षा मोठा आहे, आणि त्याचं मूळ मॉडेलमध्ये कमी, फोटो दोन गटांत कसे वाटले त्यात जास्त आहे. तिकडे येतोच. आधी स्क्रीनशॉट नीट वाचू, कारण त्यातला एक आकडा तुम्ही चुकीचा उचललाय.

टेन्सरबोर्डच्या त्या चित्रात प्रत्येक रंगाच्या दोन रेषा आहेत, एक ठळक आणि तिच्या मागे एक फिकट. ठळक रेषा ही गुळगुळीत केलेली रेषा. बाजूच्या पट्टीत Smoothing ०.६ वर आहे. तो तिथे आपोआपच तेवढा असतो. ही रेषा मागच्या आकड्यांचं ओझं घेऊन चालते, म्हणून ०.६ ला ती खऱ्या आकड्यांच्या साधारण दीड एपॉक मागे राहते. तुम्हाला नववा एपॉक दिसला तो म्हणूनच. फिकट रेषेवर तळ सातव्या एपॉकला आहे, ०.४६ वर. निदान करताना ही पट्टी शून्यावर आणून बघत जा. इथे दोन एपॉकचाच फरक पडला, पण रेषा फार वरखाली उडत असेल तर गुळगुळीत रेषेवर दिसणारा तळ प्रत्यक्षात नसतोच.

दुसरी गोष्ट उभ्या अक्षाची. चार वर्गांना सारखी शक्यता वाटून देणाऱ्या, काहीच न शिकलेल्या मॉडेलचा क्रॉस एंट्रॉपी लॉस ४ चा नैसर्गिक लॉगॅरिदम, म्हणजे १.३९ येतो. ही रेघ मनातल्या मनात त्या चित्रावर आडवी मारा. शंभरात ८८ पानं बरोबर ओळखणारं तुमचं मॉडेल शेवटी १.०५ वर आहे, म्हणजे लॉसच्या मापाने ते काहीच न शिकलेल्या मॉडेलच्या अगदी शेजारी जाऊन बसलंय. हे विचित्र वाटायला हवं, आणि खरी माहिती याच विचित्रपणात आहे.

ॲक्युरसी एवढंच विचारते की पहिल्या नंबरावर कोणता वर्ग आला. लॉस विचारतो की खऱ्या वर्गाला तू किती शक्यता दिली होतीस. खऱ्या वर्गाला ०.९ दिली तर लॉस साधारण ०.१, ०.५ दिली तर ०.६९, आणि ०.०१ दिली तर ४.६. चूक छातीठोक केली की दंड वाढतच जातो, त्याला वरची मर्यादा नाही.

आता तुमचे आकडे यात घालून बघू. व्हॅलिडेशनमध्ये ४३२ फोटो आहेत. ८८ टक्के म्हणजे ३८० बरोबर, ५२ चूक. सातव्या एपॉकला सरासरी ०.४६, म्हणजे सगळ्या फोटोंचा मिळून लॉस साधारण १९९. प्रत्येक फोटोचा लॉस मला दिसत नाही, म्हणून एक पटण्यासारखी वाटणी मांडतो: बरोबर आलेल्या ३८० फोटोंचा सरासरी लॉस ०.२८ धरला तर ते १०६ होतात, आणि उरलेले ९३ त्या ५२ चुकांवर पडतात, प्रत्येकी १.७८. याचा अर्थ चुकलेल्या फोटोतही मॉडेल खऱ्या रोगाला १७ टक्के शक्यता देत होतं. चूक होती, पण ‘कदाचित हेही असेल’ अशी जागा ठेवलेली होती.

४०व्या एपॉकला एकूण लॉस ४५४ च्या आसपास. बरोबर फोटोंवर मॉडेलला आता खात्री झाली आहे, त्यांचा सरासरी ०.०३ धरा, म्हणजे सगळे मिळून ११. राहिलेले ४४२ त्याच ५२ फोटोंच्या डोक्यावर, प्रत्येकी साडेआठ. साडेआठ लॉस म्हणजे खऱ्या वर्गाला दहा हजारात दोन इतकी शक्यता. चुका ५२ च राहिल्या, म्हणून ॲक्युरसी हलली नाही. फक्त प्रत्येक चूक आता शपथेवर केलेली आहे. ट्रेनिंगचे फोटो पाठ झाल्यावर तिथला लॉस आणखी उतरवायचा एकच रस्ता मॉडेलकडे उरतो, आकडे फुगवून खात्री वाढवायची. ती वाढलेली खात्री व्हॅलिडेशनच्या चुकांनाही लागते.

म्हणून ‘ॲक्युरसी तर टिकली आहे, मग लॉस चढला तर बिघडलं कुठे’ असं म्हणू नका. शेतकऱ्याला तुम्ही ‘९९ टक्के भुरी’ असं दाखवणार असाल तर हे मॉडेल त्या ५२ पानांवरही जवळपास तसंच दाखवेल. त्या आकड्यावरून फवारणी ठरते.

यापुढचं काम मॉडेलला हात न लावता करायचं. व्हॅलिडेशनच्या प्रत्येक फोटोचा लॉस वेगळा काढा आणि मोठ्याकडून लहानाकडे लावा.

```python
loss = F.cross_entropy(logits, y, reduction="none")
worst = loss.argsort(descending=True)[:60]
```

हे ६० फोटो मोठ्या पडद्यावर एकेक करून बघा, शक्यतो बाग कळणारा माणूस शेजारी बसवून. यात साधारण तीन प्रकारचे फोटो निघतील. काहींचं लेबलच चुकलेलं असेल. आपल्याकडचं ठरलेलं उदाहरण म्हणजे बोर्डो मारलेल्या पानावरचे पांढरट निळसर डाग. घाईत लेबल लावणारा त्याला भुरी म्हणतो. अशा फोटोवर मॉडेलने ‘निरोगी’ म्हटलं तर मॉडेल शहाणं आहे आणि दंड मात्र त्यालाच बसतोय. असे १५-२० फोटो जरी निघाले तरी तुमच्या चढत्या रेषेचा मोठा भाग नुसता लेबलांचा ठरेल. दुसरा प्रकार, एकाच पानावर दोन रोग, किंवा पानाची मागची बाजू. डाऊनीचा तेलकट पिवळा डाग पानाच्या वरच्या बाजूला दिसतो आणि पांढरी बुरशी खालच्या बाजूला. तुमच्या ट्रेनिंगमध्ये मागून काढलेले फोटो मोजकेच असतील तर खालची पांढरी बुरशी बघून मॉडेल भुरी म्हणणारच. तिसऱ्या प्रकारचे फोटो स्वच्छ असतात, लेबल बरोबर असतं, आणि तरी मॉडेल ठामपणे चुकतं. ओव्हरफिटिंगचा खरा पुरावा हे तिसरे फोटो. ते कोणत्या बागेतले आहेत ते लिहून ठेवा.

आता वाटणीचा मुद्दा. २,१६० फोटो आणि ९ बागा, म्हणजे बागेमागे सरासरी २४०. मोबाइल घेऊन बागेत गेलेला माणूस एका पानाचे एकदोनच फोटो काढत नाही. थोडा हात हलवून, सावली टाळून चारपाच काढतो. रँडम विभागणीत त्यातले चार ट्रेनिंगला जातात आणि पाचवा व्हॅलिडेशनला. पाठ झालेल्या पानाचाच जुळा भाऊ परीक्षेला बसवल्यासारखं ते होतं. तेव्हा तुमच्या ८८ टक्क्यांत ओळखीची पानं किती आणि अनोळखी किती, हे तुम्हाला आज सांगता येणार नाही. व्हॅलिडेशन लॉस ०.४६ पर्यंत खाली आला त्यातही या जुळ्यांचा हात आहे.

यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. काही वर्षांपूर्वी बेदाण्याची प्रतवारी कॅमेऱ्याने करायचं काम एका युनिटसाठी घेतलं होतं. पट्ट्यावरून जाणाऱ्या मालाचा व्हिडिओ, त्यातून फ्रेम काढल्या, फ्रेम रँडम वाटल्या. दोन्ही रेषा इतक्या सुरेख एकमेकींना चिकटून उतरल्या की मी तो स्क्रीनशॉट मालकांना कौतुकाने पाठवला. दुसऱ्या गावचा लॉट पट्ट्यावर आला आणि मॉडेलने हिरवा माल सर्रास पिवळ्यात टाकायला सुरुवात केली. लागोपाठच्या दोन फ्रेममध्ये तेच दाणे बोटभर पुढे सरकलेले असतात, हे वाटणी करताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हापासून दोन रेषांत अजिबात अंतर नसेल तर मला जास्त भीती वाटते.

तुमच्याकडे आणखी एक गुंता असणार. डाऊनीचे फोटो ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पाऊस लागला तेव्हाचे असतील आणि भुरीचे पुढे थंडीतले, बहुधा वेगळ्या बागेतले. रोग, तारीख आणि बाग तिन्ही एकत्र बांधले गेले की रोग न बघताही उत्तर देता येतं. मागे नदीकाठची काळी माती दिसली की डाऊनी, तांबूस मुरमाड जमीन दिसली की भुरी. मॉडेलला सोपा रस्ता मिळाला की ते तोच धरतं, आणि रँडम व्हॅलिडेशनमध्ये तो रस्ता बरोबरच ठरतो. तपासणं सोपं आहे: बाग आणि वर्ग यांचा तक्ता करा. ९ ओळी, ४ रकाने. एखाद्या वर्गाचे बहुतेक फोटो एकाच बागेचे निघाले तर कोणताही ड्रॉपआउट त्यावर इलाज नाही.

तेव्हा पहिला बदल हा. विभागणी फोटोची न करता बागेची करा, म्हणजे एक बाग पूर्ण इकडे किंवा पूर्ण तिकडे.

```python
from sklearn.model_selection import StratifiedGroupKFold

kf = StratifiedGroupKFold(n_splits=3, shuffle=True, random_state=7)
for tr, va in kf.split(df, df["label"], groups=df["plot_id"]):
    assert set(df.plot_id.iloc[tr]).isdisjoint(df.plot_id.iloc[va])
    # train and save the curve for this fold
```

तीन वाटे, म्हणजे प्रत्येक वेळी साधारण ३ बागा परीक्षेला. एकाच वाटणीवर थांबू नका. तीन बागांतली एखादी अवघड निघाली तर सगळा वक्र तिच्याच नावाने वर जातो. तिन्ही वाट्यांचे वक्र शेजारी ठेवले की हे कळतं. प्रत्येक वाटणीत चारही वर्ग दोन्हीकडे आले आहेत ना, तेही मोजून बघा. वर्गांचं प्रमाण राखायचा प्रयत्न ही पद्धत करते, पण ९ बागांत ते जमेलच असं नाही.

एक सूचना आत्ताच देतो, नाहीतर घाबराल: आकडे पडतील. ८८ चे ७० झाले तर मला नवल वाटणार नाही. मॉडेल बिघडलं म्हणून ते होत नाही, वजनकाटा सरळ केला म्हणून होतं. जुन्या वक्राशी नव्याची तुलना करूच नका.

नव्या वाटणीवर, बाकी काहीही न बदलता, आहे तेच मॉडेल चालवा आणि व्हॅलिडेशनची रेषा बघा. ती आधी उतरून मग चढली, फक्त तळ वरच्या आकड्यावर आणि लवकर आला, तर नेहमीचं ओव्हरफिटिंग. पुढचे उपाय लागू पडतील. ती पहिल्या एपॉकपासून उतरलीच नाही आणि ट्रेनिंगची मात्र सरळ खाली गेली, तर बागांतला फरकच मॉडेलला पेलत नाही, किंवा दोन्हीकडे फोटोंची तयारी वेगवेगळी होते आहे. दुसरी शक्यता आधी खोडून काढा: नॉर्मलायझेशनचे आकडे, लाल-हिरवा-निळा यांचा क्रम, फोटोचा आकार. ट्रेनिंगचेच शंभर फोटो व्हॅलिडेशनच्या वाटेने पाठवायचे, लॉस ०.०२ च्या जवळ आला नाही तर घोटाळा तिथेच आहे. आणि व्हॅलिडेशन लॉस ट्रेनिंगपेक्षा खाली दिसला तर लगेच खूश होऊ नका. ड्रॉपआउट आणि ऑगमेंटेशन ट्रेनिंगच्याच वेळी चालू असतात, शिवाय ट्रेनिंगचा आकडा पूर्ण एपॉकची सरासरी असतो आणि व्हॅलिडेशनचा एपॉक संपल्यावर मोजलेला. सुरुवातीच्या एपॉकमध्ये तसं दिसणं साधं आहे.

आता मॉडेलकडे. तुमचा ड्रॉपआउट का चालला नाही ते आधी सांगतो. रेसनेट-५० च्या शेवटी २,०४८ आकडे येतात आणि त्यावरून चार वर्ग ठरतात. ड्रॉपआउट त्या शेवटच्या पायरीवर होता. पाठांतर मात्र खाली झालंय, त्या अडीच कोटींच्या आसपास असलेल्या पॅरामीटरमध्ये, जे तुम्ही सगळे मोकळे सोडले. वर पोचेपर्यंत उत्तर ठरलेलं असतं. त्यातले अर्धे आकडे झाकले तरी उरलेल्या अर्ध्यांना ते माहीतच असतं.

म्हणून माझा पहिला हात लर्निंग रेटवर जाईल. ॲडमला ०.००१ हा शून्यापासून शिकवताना ठीक आहे. आधी शिकलेले थर मोकळे असताना तो इतका मोठा पडतो की इमेजनेटवरून आलेली कडा-पोत-रंगांची समज पहिल्या एकदोन एपॉकमध्येच विस्कटते, आणि मॉडेल मग तुमच्या १,७२८ फोटोंवरून सगळं नव्याने बांधत बसतं. पहिले पाच एपॉक खालचे सगळे थर गोठवून फक्त शेवटचा थर ०.००१ ने शिकवा. मग शेवटचा मोठा गट, टॉर्चव्हिजनमधला `layer4`, मोकळा करून त्याला ०.००००५ द्या. बॅचनॉर्मची सरासरी गोठवलेल्या थरांतही बदलत राहते हे विसरू नका. ते थर `eval()` मध्ये ठेवावे लागतात, आणि दर एपॉकला `model.train()` म्हटलं की ते परत जागे होतात.

दुसरा बदल ऑगमेंटेशनचा, आणि इथे पानांचा विचार करून हात घालायचा. आडवं-उभं उलटवणं, फिरवणं, उजेड कमीजास्त करणं चालेल. बागेत सकाळ-दुपारचा फरक असतोच. रंगछटा बदलणारं ऑगमेंटेशन मात्र अगदी थोडं, किंवा नकोच. डाऊनीचा पिवळेपणा आणि करप्याचा तपकिरी-काळा डाग यातला फरक रंगातच आहे, तोच पुसलात तर शिकायला काय उरलं? तसंच `RandomResizedCrop` मूळ सेटिंगवर फोटोचा ८ टक्के इतका छोटा तुकडाही कापतो. त्या तुकड्यात डाग आलाच नाही तर निरोगी पानाचा कोपरा ‘करपा’ म्हणून शिकवला जातो. `scale=(0.5, 1.0)` ठेवा.

तिसरा, साध्या ॲडमऐवजी ॲडमडब्ल्यू आणि वेट डिके ०.०१. याने थोडाच फरक पडेल, पण त्रास काही नाही. तळाच्या एपॉकचं मॉडेल जपून ठेवणं आणि ८ एपॉक सुधारणा नसेल तर थांबणं हे तर कराच. मात्र थांबल्याने ओव्हरफिटिंग बरं होत नाही, ते वाढायच्या आधी तुम्ही उठून जाता एवढंच.

लेबल स्मूदिंगबद्दल तुम्ही पुढे विचारालच. खोट्या खात्रीवर ते चांगलं चालतं. पण ०.१ ठेवलंत तर चार वर्गांत लॉस ०.३५ च्या खाली जाऊच शकत नाही, कारण खऱ्या वर्गाचं लक्ष्यच ०.९२५ होतं. ट्रेनिंगची रेषा ०.३७ वर अडकलेली बघून मॉडेल शिकत नाही असं समजाल. व्हॅलिडेशनचा लॉस स्मूदिंग न लावता वेगळा मोजा.

हे बदल एका वेळी एकच करा, दर वेळी तिन्ही वाट्यांवर. आणि छोट्या फरकाला भुलू नका. ४३२ फोटो आणि ८८ टक्के म्हटल्यावर नुसत्या योगायोगाने आकडा दोन्ही बाजूंना ३ टक्के हलतो. तुमचे फोटो जुळ्यांचे, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. ८८ चे ८९ झाले हा बदल मोजण्यातच धरू नका.

एवढं करून ट्रेनिंग लॉस ०.०२ वर न जाता ०.२ च्या आसपास थांबला, आणि व्हॅलिडेशनचा तळ उशिरा आणि खाली आला, तर गाडी रुळावर आहे. ट्रेनिंगचा आकडा बिघडला म्हणून हळहळू नका, तो पाठांतराचा होता.

शेवटी फोटो आणखी काढायचे का, हे ठरवायला एक प्रयोग. परीक्षेच्या ३ बागा ठरवून बाजूला ठेवा. मग ट्रेनिंगला आधी २ बागा, मग ४, मग ६ देऊन व्हॅलिडेशन लॉसचा तळ लिहून काढा. दर पायरीला तो ठळकपणे उतरत असेल तर नव्या बागा गाठणं हाच सर्वांत स्वस्त उपाय. ४ वरून ६ वर जाताना तो जागचा हलला नाही, तर आधी त्या ६० फोटोंच्या लेबलांकडे परत जा. नव्या बागा गाठायच्या ठरल्याच, तर येत्या फळछाटणीनंतर कवठेमहांकाळ आणि मिरजेच्या पूर्व भागातल्या घ्या. एका बागेत शंभरापेक्षा जास्त फोटो काढू नका, पानामागे दोनच, एक वरून आणि एक खालून. आणि प्रत्येक बागेतून चारही वर्ग आणायचा प्रयत्न करा, निदान निरोगी तरी दर बागेतून हवंच. आता फक्त दोन गोष्टी पाठवा: बाग-वर्ग तक्ता, आणि तिन्ही वाट्यांचे वक्र, Smoothing शून्यावर ठेवून.